खरेदी रजिस्टर आणि टू-बी: रंग न लागलेल्या ओळींचं प्रकरण

दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि एकीत आहे पण दुसरीत नाही अशा नोंदी रंगवायच्या, यासाठी एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगच्या आत COUNTIF घालणं ही हिशोबाचं काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला माहीत असलेली युक्ती आहे. पण बहुतेक जण रंग लागलेल्या ओळींकडे बघतात आणि उरलेल्यांना बरोबर समजून पुढे जातात, आणि माझ्या मते खरा धोका त्या उरलेल्यांतच असतो. ते नीट दाखवायला एक पूर्ण प्रकरण लिहितो.

दुकान हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकल सामानाचं आहे, तालुक्याच्या गावातलं. महिना नोव्हेंबर 2025. खरेदी रजिस्टरमध्ये 186 बिलं आहेत आणि जीएसटी पोर्टलवरून उतरवलेल्या टू-बीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टल आपल्यासाठी बनवतं त्या यादीत, 179 ओळी. ज्यांना हे रोजचं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण माल घेतो तेव्हा भरलेल्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळतं, पण 1 जानेवारी 2022 पासून कायद्यात कलम 16(2)(aa) आलं आणि विक्रेत्याने ते बिल स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवून आपल्या टू-बीत उतरलं तरच ते क्रेडिट घेता येतं. मासिक रिटर्न भरणारा विक्रेता 11 तारखेपर्यंत भरतो, 14 तारखेला टू-बी तयार होते आणि आपण क्रेडिट घेतो ते रिटर्न, म्हणजे थ्री-बी, 20 ला. म्हणजे मधल्या पाचसहा दिवसांत रजिस्टरमधली कुठली बिलं टू-बीत नाहीत हे शोधायचं असतं. तिथेच हे COUNTIF कामाला येतं.

आधी मांडणी सांगतो कारण पुढचे सगळे फॉर्म्युले त्यावर आहेत. एकाच शीटवर डावीकडे रजिस्टर: B मध्ये विक्रेत्याचा जीएसटी नंबर, C मध्ये बिल नंबर, D तारीख, E कर. A कॉलम मुद्दाम रिकामा, तो लागणार आहे. उजवीकडे टू-बी: I मध्ये जीएसटी नंबर, J मध्ये बिल नंबर, पुढे तारीख आणि कर, आणि H रिकामा. पोर्टलच्या फाईलमध्ये वर शीर्षकाच्या बऱ्याच ओळी असतात, जोडलेले सेल असतात, ते सगळं सोडून फक्त नोंदी कॉपी करून इथे Paste Values ने चिकटवायच्या. म्हणजे रजिस्टर 2 ते 187 ओळीत आणि टू-बी 2 ते 180 ओळीत.

आता साधा नियम, सगळे जो लावतात तो. C2 पासून C187 पर्यंत वरून खाली सिलेक्ट करा, Home मध्ये Conditional Formatting, New Rule, आणि शेवटचा पर्याय Use a formula to determine which cells to format. तिथे हे लिहायचं:

```
=COUNTIF($J$2:$J$180,$C2)=0
```

वाचायला सोपं आहे: टू-बीच्या बिल नंबरांत हा C2 किती वेळा सापडतो ते मोज, शून्य आलं तर रंग लाव. डॉलरची जागा मात्र डोळ्यात तेल घालून बघायची. टू-बीच्या रेंजला दोन्हीकडे डॉलर हवेत, नाहीतर नियम खालच्या ओळीवर गेला की रेंजही एकेक ओळ खाली सरकते आणि शेवटाकडच्या बिलांना वरच्या नोंदी दिसतच नाहीत. उलट C2 मधल्या 2 ला डॉलर नको, नाहीतर सगळ्या ओळी एकट्या C2 चाच निकाल दाखवतील, म्हणजे एकतर सगळं रंगेल नाहीतर काहीच नाही.

इथे अजून एक गोष्ट बघितली पाहिजे. फॉर्म्युल्यातली ओळ आणि सिलेक्शनमधली ॲक्टिव्ह सेल एकच असली पाहिजे. घाईत आख्खा C कॉलम वरच्या अक्षरावर क्लिक करून निवडला तर ॲक्टिव्ह सेल C1 असते, आणि फॉर्म्युला मात्र C2 चा, मग प्रत्येक ओळीला तिच्या खालच्या ओळीचा निकाल लागतो. हे ओळखायची खूण म्हणजे शीर्षकाची ओळ रंगते किंवा रंगलेलं बिल टू-बीत शोधलं की ते तिथे आरामात सापडतं आणि नसलेलं बिल नेमकं त्याच्या खाली बिनरंगी बसलेलं असतं. आणि त्या फॉर्म्युल्याच्या चौकटीत दुरुस्ती करताना बाणाची की दाबली तर कर्सर हलत नाही, उलट मध्येच कुठल्यातरी सेलचा पत्ता घुसतो, त्यामुळे आधी F2 दाबायचं मग बाण चालतात. सुरुवातीचं = लिहायचं राहून गेलं तर एक्सेल सगळ्या फॉर्म्युल्याला अवतरण चिन्हात टाकून साधा मजकूर करून टाकतं आणि काहीच रंगत नाही, तेव्हा काहीच रंगलं नाही तर Manage Rules उघडून एकदा नियम जसा आहे तसा वाचायचा.

तर हा साधा नियम लावला आणि 41 बिलं रंगली.

41 म्हणजे जवळपास पाव रजिस्टर, एवढे विक्रेते एका महिन्यात रिटर्न चुकवत नाहीत, म्हणजे काहीतरी खोटा रंग आहे हे लगेच कळतं. त्यातली 21 एकाच होलसेलरची निघाली. त्याच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या यादीत प्रत्येक नंबराच्या शेवटी एक स्पेस होती, डोळ्याला दिसत नाही पण COUNTIF ला दिसते. तपासायला बाजूला कुठेही =LEN(C15) लिहायचं, नऊ अक्षरी नंबराची लांबी दहा आली की समजून जायचं. 8 बिलांमध्ये आपल्याकडे SE/25-26/118 आणि विक्रेत्याने टू-बीत SE-25-26-118 असं भरलेलं, बिल तेच फक्त रेघ तिरकी की आडवी एवढाच फरक. आणि एक बिल तर मजेशीर, म्हणजे नंबर होता 11-12, रजिस्टरमध्ये टाईप करताना एक्सेलने त्याची 11 डिसेंबर तारीख केली आणि आत 46002 हा आकडा साठवला, तो टू-बीत कुठून सापडणार. हे टाळायचं तर C कॉलम नोंदी टाकायच्या आधीच Text फॉरमॅटमध्ये करून ठेवायचा, नंतर फॉरमॅट बदलून काही होत नाही, तो नंबर हातानेच पुन्हा टाकावा लागतो.

21, 8 आणि 1 मिळून 30 गेली, खरोखर टू-बीत नसलेली अशी 11 उरली. इथपर्यंत आलं की काम झालं असं वाटतं. ऑफिसात नोंदी टाकणारी मुलगी पण तेच म्हणाली, "दादा, मग अकरा बिलं बाजूला काढते आणि बाकीची क्लेममध्ये घेते." मी म्हटलं थांब जरा, आधी बिनरंगी ओळी बघू.

कारण COUNTIF ने शून्यापेक्षा जास्त आकडा दिला याचा अर्थ एवढाच की त्या नंबराशी जुळणारं काहीतरी तिथे आहे. ते काहीतरी आपलंच बिल आहे का, हे त्याने बघितलेलंच नाही. खोटा रंग लागला तर आपली दहा मिनिटं जातात. खोटा बिनरंग राहिला तर टू-बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेतलं जातं आणि पुढे ते परत करावं लागतं, वापरून टाकलेलं असेल तर 18 टक्के व्याजासकट. दोन्ही चुका सारख्या नाहीत, म्हणून नियम असा हवा की चुकलाच तर जास्त रंगवून चुकावा.

आता बिनरंगी ओळी तपासायला सुरुवात कुठून करायची? ज्या विक्रेत्यांचे नंबर छोटे आणि नुसते आकडे आहेत त्यांच्यापासून. गावातले लहान विक्रेते बिलबुकावरचा चालू नंबरच वापरतात, 101, 102, 103. या दुकानाला असे चार विक्रेते. आपल्याकडे पाईपवाल्याचं 214 नंबरचं बिल आहे, टू-बीत 214 आहे पण ते रंगवाल्याचं, पाईपवाल्याने रिटर्न भरलेलंच नाही. साध्या नियमाला जीएसटी नंबराशी देणंघेणं नाही, 214 मिळालं, रंग नाही लावला. अशी 4 बिलं होती.

पाचवं बिल जरा वेगळं. आपल्याकडे वायरवाल्याचं 0087, टू-बीत त्या विक्रेत्याचं काहीच नाही, पण दुसऱ्याच कुणाचं 87 आहे. दोन्ही सेल टेक्स्ट फॉरमॅटमध्ये, तरी COUNTIF ने जुळवून टाकलं. COUNTIF ला आकड्यासारखा दिसणारा मजकूर दिला की तो आधी त्याचा आकडा करून बघतो, आणि आकडा म्हणून 0087 आणि 87 एकच. सेलचा फॉरमॅट Text केलाय म्हणून निवांत बसणाऱ्यांना हे माहीत नसतं.

आणि सहावं बिल या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, कारण ते COUNTIFS लावूनही सापडत नाही. जीएसटी बिलाचा नंबर जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असू शकतो, आणि ऑनलाइन माल विकणाऱ्या काही मोठ्या विक्रेत्यांचे नंबर सगळे 16 आकड्यांचे असतात. रजिस्टरमध्ये एकाच विक्रेत्याची दोन बिलं होती:

```
2725260100004412
2725260100004417
```

टू-बीत यातलं पहिलंच आहे. तरी दुसऱ्याला रंग नाही. एक्सेल आकड्याचे फक्त 15 अंक खरे धरतं, त्यामुळे COUNTIF ने आकडा करून बघितलं की सोळावा अंक गळतो आणि दोन्ही नंबर सारखेच होतात. बरेच जण म्हणतील की COUNTIFS लावा, जीएसटी नंबर आणि बिल नंबर दोन्ही अटी द्या. त्याने पाईपवाल्याचं 214 पकडलं जातं, वायरवाल्याचं 0087 पण पकडलं जातं, पण इथे विक्रेता एकच आहे, आणि COUNTIFS सुद्धा आकड्यांशी तसंच वागतो, त्यामुळे हे बिल तसंच निसटतं.

म्हणून मी दोन अटी देण्याऐवजी दोन्ही गोष्टी जोडून एक किल्ली बनवतो, त्यासाठीच A आणि H रिकामे ठेवले होते. A2 मध्ये:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))&"|"&
SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(C2,CHAR(160)," ")),"-","/")
```

आणि H2 मध्ये हाच फॉर्म्युला, B2 च्या जागी I2 आणि C2 च्या जागी J2, दोन्ही शेवटपर्यंत खाली ओढायचे. यात CHAR(160) म्हणजे वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात येणारी ती वेगळ्या जातीची स्पेस, नुसत्या TRIM ने ती जात नाही म्हणून आधी तिची साधी स्पेस करून घ्यायची. शेवटचा SUBSTITUTE आडव्या रेघेची तिरकी करतो, म्हणजे SE/25-26/118 आणि SE-25-26-118 दोन्हीची किल्ली एकच होते. काही जण रेघा पूर्णच काढून टाकतात, ते मी करत नाही, कारण मग 1-12 आणि 11-2 हे दोन वेगळे नंबर एक होतात आणि पुन्हा खोटा बिनरंग. लहानमोठ्या अक्षरांचा फरक मात्र COUNTIF स्वतःच करत नाही, त्यासाठी UPPER वगैरे घालायची गरज नाही.

किल्लीचा खरा फायदा असा की जीएसटी नंबरात अक्षरं असतात आणि मध्ये ती उभी रेघ आहे, त्यामुळे सगळी किल्ली निव्वळ मजकूर राहते, COUNTIF ला तिचा आकडा करताच येत नाही. शून्य गळत नाही, सोळावा अंक गळत नाही. विक्रेता वेगळा असेल तर किल्लीच वेगळी.

आता जुना नियम Manage Rules मधून काढून टाकायचा आणि A2 पासून E187 पर्यंत निवडून नवा लावायचा:

```
=AND($C2<>"",COUNTIF($H$2:$H$180,$A2)=0)
```

पूर्ण ओळ रंगावी म्हणून A आणि C च्या आधी डॉलर आहे, आणि $C2<>"" ही अट रिकाम्या ओळींसाठी, नाहीतर मध्ये कुठे ओळ मोकळी असेल किंवा रेंज खाली थोडी जास्त घेतली असेल तर तिची किल्ली नुसती उभी रेघ होते, ती टू-बीत नसते आणि मोकळी ओळच रंगते.

या वेळी 18 ओळी रंगल्या. एक ते तारीख झालेलं 11-12, ते हाताने नीट केल्यावर 17. म्हणजे आधीची 11 आणि लपलेली 6.

आता उलटी बाजू. टू-बीत आहे पण आपल्या रजिस्टरमध्ये नाही असंही असतं, आणि ते बघितल्याशिवाय पहिल्या यादीचा पूर्ण अर्थ लागत नाही. H2 पासून L180 पर्यंत निवडून:

```
=AND($J2<>"",COUNTIF($A$2:$A$187,$H2)=0)
```

याला दुसरा रंग द्या, इथे 10 ओळी रंगल्या. लगेच एक हिशोब करून बघायचा: 186 मधून 17 गेले की 169, आणि 179 मधून 10 गेले की 169. दोन्हीकडे जुळलेल्यांची संख्या एकच आली. ही साधी वजाबाकी मी कधीच सोडत नाही, कारण COUNTIF ला फक्त शून्य की जास्त एवढंच विचारलंय. तेच बिल रजिस्टरमध्ये दोनदा चढलं असेल तर दोन्ही ओळी टू-बीतल्या एकाच नोंदीशी जुळतात, दोन्ही बिनरंगी राहतात आणि क्रेडिट दुप्पट घेतलं जातं. तसं झालं असतं तर डावीकडे 170 आले असते. फरक दिसला की रजिस्टरवर =COUNTIF($A$2:$A$187,$A2)>1 असा तिसरा नियम लावून दुबार बिल शोधायचं.

17 आणि 10 या दोन यादी रंगावर फिल्टर करून समोरासमोर ठेवल्या, Filter by Color कंडिशनल फॉरमॅटिंगच्या रंगावरही चालतं. पहिल्यांदा दिसल्या त्या 2 जोड्या. रजिस्टरमध्ये 1118, टू-बीत त्याच विक्रेत्याचं 1181, कर अगदी तेवढाच. टायपिंगची चूक, नंबर नीट केला की दोन्ही बाजूंचा रंग आपोआप जातो. दुसऱ्या जोडीत अक्षरं असलेल्या नंबरातलं एक शून्य विक्रेत्याने टू-बीत लावलंच नव्हतं, म्हणजे खोटा रंग, पण तो चालतो, तो डोळ्यासमोर येतो आणि दोन मिनिटांत निकाली निघतो.

डावीकडे उरली 15. त्यातली 8 अशा एका विक्रेत्याची जो रिटर्न तिमाहीला भरतो, मधल्या महिन्यात त्याने बिलं वेगळी अपलोड केली नाहीत म्हणून ती या महिन्यात येणारच नाहीत, तिमाहीच्या रिटर्ननंतर येतील. 6 बिलांचे विक्रेते 11 तारीख चुकवलेले किंवा अजून भरलेलंच नसलेले, त्यात तो पाईपवाला आणि वायरवालाही आला, त्यांना फोन करायची यादी झाली, ते भरतील तेव्हा पुढच्या टू-बीत दिसेल. आणि शेवटचं ते सोळा आकड्यांचं 4417. बिल काढून बघितलं तर ऑर्डर मालकांच्या घरच्या खात्यावरून गेलेली, बिलावर दुकानाचा जीएसटी नंबरच नाही, त्यामुळे ते टू-बीत कधीच येणार नाही. बाकी 14 बिलं वाट बघून मिळतील, हे नाही, त्याचं क्रेडिट रजिस्टरमधून काढूनच टाकलं. साध्या नियमावर हे बिल बिनरंगी होतं आणि क्लेममध्ये गेलं असतं.

उजवीकडे उरलेली 8: त्यातली 5 मागच्या महिन्यांची बिलं, विक्रेत्याने उशिरा भरलेली, आपल्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडली. 3 बिलं दुकानात आलीच नव्हती, ट्रान्सपोर्टवाल्याकडे राहिलेली, माल पोचलाय की नाही हे विचारल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

पुढच्या महिन्यात हीच फाईल वापरताना दोन गोष्टी बघा. एक, टू-बी 230 ओळींची झाली तरी नियमात $H$180 च असेल तर 180 च्या खालची सगळी बिलं विनाकारण नसल्यासारखी दिसतील, तेव्हा रेंज आधीच $H$2:$H$1000 अशी सैल घ्या, रिकाम्या ओळींचं काम ती अट बघते. दुसरं, ओळी कट करून इकडेतिकडे चिकटवल्या की नियमाचे तुकडे पडतात, Manage Rules मध्ये Applies to समोर एकाच नियमाच्या पाचसात प्रती दिसायला लागतात आणि मधल्या काही ओळी कुठल्याच नियमात नसतात. त्या ओळी अर्थातच बिनरंगी. म्हणून दर महिन्याला नवीन डेटा Paste Values नेच, आणि रंग बघायच्या आधी Applies to मध्ये एकच सलग रेंज आहे ना ते वाचायचं.

दोन याद्या वेगळ्या शीटवर असतील तरी एक्सेल 2010 पासून नियमात दुसऱ्या शीटचा पत्ता चालतो, वेगळ्या फाईलचा चालत नाही. गूगल शीट्समध्ये दुसऱ्या शीटची रेंज INDIRECT मध्ये गुंडाळून द्या:

```
=COUNTIF(INDIRECT("'2B'!$H$2:$H$1000"),$A2)=0
```

आणि हा नियम रकमेबद्दल काहीच बोलत नाही. जुळलेल्या बिलांत कर तेवढाच आहे का हे बघायला बाजूच्या F कॉलममध्ये =E2-SUMIF($H$2:$H$180,A2,$L$2:$L$180) लावलं, टू-बीचा कर L मध्ये आहे म्हणून L. रंगलेल्या ओळी सोडून शून्य नसलेल्या ओळी फिल्टर केल्या, त्यात एका बिलावर विक्रेत्याने 18 टक्क्यांऐवजी 12 टक्क्यांनी कर दाखवलेला निघाला. ते बिल फोनच्या यादीत सातव्या नंबरावर टाकलं.